विकायला ठेवलाय, घेणारा नाही

सकाळी साडेनऊला मामांचा फोन आला. मामा सांगलीला असतात. शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातला थोडा भाग ते शेअरमध्ये घालतात आणि मी सब-ब्रोकरच्या ऑफिसात चौदा वर्षं काढलेली असल्यामुळे अडलं की मला विचारतात. त्यांच्याकडे एका छोट्या रसायन कंपनीचे 1,200 शेअर होते, 62 रुपयांनी घेतलेले. वर्षभरात भाव 138 पर्यंत चढला होता. आदल्या संध्याकाळी त्यांना ब्रोकरचा मेसेज आला होता, कंपनी ‘ईएसएम स्टेज 1’मध्ये, म्हणजे शेअर बाजाराच्या देखरेखीच्या यादीत, गेली आहे असा. त्यांनी सकाळी विक्रीची ऑर्डर टाकली, ती तशीच पडून होती.

मी स्क्रीन उघडली. कंपनीच्या नावापुढे कालपर्यंत EQ होतं, आज BE होतं. खाली डाव्या बाजूला, जिथे खरेदीदारांच्या ऑर्डरी दिसतात, पाचही ओळींत शून्य. उजवीकडे एकच भाव, 131 रुपये 10 पैसे, आणि त्या भावाला विकायला चार लाखांच्या वर शेअर रांगेत. मामांचे 1,200 त्या रांगेत कुठेतरी मागे होते.

त्यांचा प्रश्न होता, “कंपनीनं काही घोटाळा केलाय का रे?”

खरं उत्तर असं होतं की कंपनीवर कुणीच कसलाही आरोप केलेला नाही. शेअर बाजार अशी प्रत्येक यादी काढताना लिहितो की ही कारवाई निव्वळ देखरेखीसाठी आहे, ती कंपनीविरुद्धची प्रतिकूल कारवाई समजू नये. मामांना ते पटेना. दोष नाही म्हणता, मग माझे शेअर का विकले जात नाहीत? मला वाटतं, या सगळ्या व्यवस्थेबद्दलचा नेमका प्रश्न हाच आहे. तो विचारणारा माणूस बाजार न कळणारा नव्हता.

आधी झालं काय ते सांगतो. आपल्याकडे सेबी आणि शेअर बाजारांनी मिळून गेल्या काही वर्षांत देखरेखीचे तीन कप्पे तयार केले. फेब्रुवारी 2017 मध्ये जीएसएम आला. ज्यांचा धंदा आणि भाव यांचा मेळ बसत नाही, अशा कमकुवत कंपन्यांसाठी तो होता. मार्च 2018 मध्ये एएसएम आला. भावातली चढउतार, उलाढाल आणि मोजक्याच लोकांच्या हाती एकवटलेली खरेदी-विक्री अशा निकषांवर तो लागतो. जून 2023 मध्ये ईएसएम आला, तो सुरुवातीला 500 कोटींपेक्षा कमी बाजारमूल्य असलेल्या छोट्या कंपन्यांसाठी. मामांची कंपनी या तिसऱ्यात गेली. यात कुणी माणूस बसून कंपनीचे कागद तपासत नाही. तीन महिने, सहा महिने, वर्ष अशा काळात भाव किती हलला याचं गणित संगणक करतो. आकडा ठरवलेल्या रेषेपलीकडे गेला की नाव यादीत येतं. यादी बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी जाहीर होते आणि एकदा आत गेलेली कंपनी किमान तीन महिने आत राहते.

आत गेल्यावर तीन गोष्टी बदलतात. पहिली, व्यवहार ‘ट्रेड टू ट्रेड’ होतो. एरवी सकाळी घेऊन दुपारी विकलं की दोन्ही एकमेकांत वजा होतात आणि फरकाचेच पैसे द्यावे-घ्यावे लागतात. इथे ती वजाबाकी बंद. घेतलेत तर पूर्ण पैसे भरून शेअर डिमॅटमध्ये घ्यायचे, विकलेत तर डिमॅटमधून शेअर काढून द्यायचे. EQ चं BE होतं ते यामुळे. दुसरी, मार्जिन शंभर टक्के. उधारीवर खरेदी नाही. तिसरी, दिवसभरात भाव फक्त पाच टक्के वर किंवा पाच टक्के खाली जाऊ शकतो. कंपनी पुढच्या टप्प्यात गेली तर ही मर्यादा दोन टक्क्यांवर येते आणि सलग व्यवहार थांबून तासातासाचे लिलाव होतात. पाऊण तास सगळ्यांच्या ऑर्डरी गोळा करायच्या आणि जास्तीत जास्त शेअर ज्या एका भावाला जुळतील त्या भावाला सौदे करायचे, अशी ती पद्धत.

हे नियम कशासाठी आहेत, हे मी ऑफिसात बसून पाहिलेलं आहे आणि ते उगाच केलेले नाहीत असं मी ठामपणे म्हणतो. एखाद्या छोट्या कंपनीचे बाजारात फिरणारे शेअर थोडे असतात. चार-पाच खाती आपसांत घेणं-विकणं करतात, सकाळी याच्याकडून त्याच्याकडे, दुपारी त्याच्याकडून परत याच्याकडे. शेवटी कुणाकडेच काही उरत नाही, पण दिवसाची उलाढाल लाखो शेअरची दिसते. भाव चढतो, टेलिग्रामवर टिपा सुटतात, तालुक्याच्या गावातला माणूस वरच्या भावाला घेतो आणि ती खाती चालवणारा ऑपरेटर आपला माल त्याच्या गळ्यात मारून निघून जातो. ट्रेड टू ट्रेडमुळे हे फिरवाफिरवीचं काम महाग होतं. प्रत्येक फेरीत पूर्ण पैसे आणि पूर्ण शेअर हलवावे लागतात. दिवसभरात दहा वेळा तोच माल फिरवता येत नाही. शंभर टक्के मार्जिनमुळे दुसऱ्याच्या पैशावर भाव चढवणंही थांबतं. एवढा भाग मला पूर्ण मान्य आहे.

माझा आक्षेप तिसऱ्या गोष्टीवर आहे, भावाच्या पट्ट्यावर. आणि तो पट्टा ज्या क्षणी लावला जातो, त्या क्षणावर.

पट्टा भावाला आवरतो असं आपण धरून चालतो. पण भाव म्हणजे घेणारा आणि विकणारा जिथे भेटतात तो आकडा. देखरेखीची बातमी आल्यावर समजा लोकांना वाटलं की या शेअरची खरी किंमत 138 नाही, 105 आहे. तर 105 ला घेणारे तयार असतात. पण नियम त्या दिवशी 131 रुपये 10 पैशांच्या खाली जाऊच देत नाही. 131 ला कुणाला घ्यायचं नाही आणि 105 ला सौदा करायची परवानगी नाही. मग डावी बाजू शून्य होते. दुसऱ्या दिवशी 124.55, तिसऱ्या दिवशी 118 च्या आसपास, चौथ्या दिवशी 112, पाचव्या दिवशी 107. पाच दिवसांत साडेबावीस टक्के गेले आणि वाटेत कुठेही मामांना थांबायची किंवा बाहेर पडायची संधी मिळाली नाही. त्यांच्या 1,200 शेअरची कागदावरची किंमत 1,65,600 रुपयांवरून 1,28,000 च्या जवळ आली. भाव पडला म्हणून मी तक्रार करत नाही, चढलेला भाव पडतोच. पडत असताना विकणाऱ्याला दार बंद होतं, ही माझी तक्रार आहे.

आणि त्या दारासमोरची रांगही सारखी नसते. भाव पट्ट्याच्या खालच्या टोकाला अडकला, म्हणजे खालचं सर्किट लागलं, की सगळे विकणारे एकाच भावाला उभे असतात, आणि मग ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याची आधी विकली जाते. दिवसाला जे दोन-पाच हजार शेअर कुणीतरी उचलतं, ते पहिल्या काही ऑर्डरींनाच मिळतात. ज्याच्याकडे वेगवान यंत्रणा आहे, ज्याचा डीलर बाजार उघडायच्या क्षणी बोट कीबोर्डवर ठेवून बसलेला असतो, तो पुढे. मामांना आधी डिपॉझिटरीच्या पानावर टीपिन टाकून विक्रीची मंजुरी द्यावी लागते. तो ओटीपी यायला दोन मिनिटं लागतात, चष्मा शोधायला एक. त्या तीन मिनिटांत पुढे लाखभर शेअरची रांग लागलेली असते. ज्याला वाचवायला हा नियम केला, तोच रांगेत सर्वांत मागे असतो.

उलट्या दिशेनंही पाच टक्क्यांचा पट्टा नेहमी अपेक्षेप्रमाणे वागत नाही. ऑपरेटरच्या हातात बहुतेक माल आधीच असेल, तर वरचं सर्किट लावायला त्याला फार पैसे लागत नाहीत. विकणारा कुणी नाही आणि पाच टक्के वरच्या भावाला थोडी खरेदी उभी केली की त्या दिवसापुरता भाव तिथे अडकतो. रोज एक सर्किट, पाच दिवसांत सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. बाहेरच्याला हा अत्यंत शिस्तीचा, मागणी असलेला शेअर वाटतो. ‘रोज अप्पर लागतंय, मिळतच नाही’ हीच त्याची जाहिरात होते. असे शेअर मी पाहिले आहेत आणि त्यांची चौकशी करणारे फोनही घेतले आहेत.

जीएसएममध्ये ही गोष्ट आणखी टोकाला जाते, कारण तिथे पुढच्या टप्प्यांत खरेदीदाराकडून अतिरिक्त ठेव घेतली जाते. ठेव रोख द्यायची, व्याज नाही, आणि ती काही महिने अडकून पडते. पन्नास टक्के ठेव असेल तर 50,000 रुपयांचे शेअर घेणाऱ्याला 75,000 बाहेर काढावे लागतात, शंभर टक्के असेल तर एक लाख. कागदावर हा बोजा खरेदीदारावर आहे. पण खरेदीदाराला निवड असते, तो दुसरा शेअर घेतो. ज्याच्याकडे शेअर आधीच आहे त्याला निवड नसते. त्यामुळे खरेदीदारावर ठेवलेलं प्रत्येक ओझं शेवटी विक्रेत्याच्या डोक्यावर येऊन पडतं. नियम लिहिताना हा हिशेब कुणी केला असेल तर तो नियमात उमटलेला मला दिसत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण ऑगस्ट 2017 मधलं आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयानं 9 जून 2017 च्या पत्रानं सेबीकडे 331 नोंदणीकृत कंपन्यांची यादी पाठवली, संशयित शेल, म्हणजे नुसत्या कागदावरच्या, कंपन्या म्हणून. सेबीनं 7 ऑगस्टला शेअर बाजारांना कळवलं की यांतल्या कंपन्या थेट जीएसएमच्या सहाव्या टप्प्यात टाका. त्या वेळी जीएसएमचे सहा टप्पे होते आणि सहावा सर्वांत कडक. व्यवहार महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी. भाव मागच्या भावाच्या वर जाऊ द्यायचा नाही. खरेदीदाराकडून व्यवहाराच्या दोनशे टक्के ठेव, म्हणजे 50,000 च्या खरेदीला दीड लाखाची सोय.

आता दिनदर्शिका बघा. 7 ऑगस्ट 2017 हाच त्या महिन्याचा पहिला सोमवार होता. आदेश आला तो त्या दिवशीचा बाजार झाल्यावर. म्हणजे या कंपन्यांचे शेअर ज्यांच्याकडे होते त्यांना पुढची संधी थेट 4 सप्टेंबरला, तीही अशा बाजारात, जिथे घेणाऱ्यानं तिप्पट पैसे आणायचे. आणि यादीत सगळ्या कागदी कंपन्या नव्हत्या. मुंबई मेट्रोची कामं करणारी जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स त्यात होती. पोलाद आणि वीजनिर्मितीतली प्रकाश इंडस्ट्रीज होती. या दोघी रोखे अपील न्यायाधिकरणात, म्हणजे सॅटमध्ये गेल्या आणि 10 ऑगस्टला सॅटनं त्यांच्यापुरती सेबीच्या आदेशाला स्थगिती दिली. सॅटचं म्हणणं थोडक्यात असं होतं की सेबीनं स्वतः कसलीही चौकशी न करता हा आदेश काढला. मंत्रालयाचं पत्र आल्यापासून जवळजवळ दोन महिने गेले होते, मग कंपन्यांचं ऐकूनही न घेण्याइतकी घाई होती असं म्हणता येत नाही. स्थगिती म्हणजे कंपनी निर्दोष असल्याचा निकाल नव्हे, हेही इथे सांगितलं पाहिजे. पण वकील उभा करण्याची ताकद असलेल्या कंपन्या तीन दिवसांत बाहेर आल्या. यादीतल्या एखाद्या लहान कंपनीचे पाचशे शेअर असलेला माणूस सॅटची पायरी चढू शकत नव्हता. त्याच्यासाठी पुढचा सोमवार 4 सप्टेंबरलाच होता.

2017 चा प्रसंग वेगळा होता हे मान्य. ती बाहेरून आलेली यादी होती, आजचे निकष संगणकानं लावलेले आणि आधीच जाहीर केलेले आहेत. म्हणूनच सेबीची बाजू अशी असते की आरोपच नाही, तर सुनावणी कसली द्यायची? मी ते मानतो. रोज संध्याकाळी शेकडो कंपन्यांना सुनावणी देता येणार नाही. पण सुनावणी नसली तर निदान कारण तरी स्पष्ट द्या. निकष परिपत्रकात आहेत, यादीत नाव आणि टप्पा आहे. या दोन्हींच्या मधली ओळ, की ‘या कंपनीचं नाव अमुक काळातल्या अमुक इतक्या भावबदलामुळे आलं आणि रेषा अमुक होती’, ही ओळ मामांना आलेल्या त्या मेसेजमध्ये असायला हवी होती. भाव फार हलला म्हणून कंपनी आत गेली, की मोजक्या खात्यांत व्यवहार एकवटला म्हणून गेली, यात शेअरधारकासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कदाचित कंपनीला खरोखर चांगली ऑर्डर मिळाली असेल. दुसऱ्यात सावध व्हायला हवं. असं कारण सांगितलं तर ऑपरेटर हुशार होतील, असं कुणी म्हणेल. पण निकष आधीच जाहीर आहेत आणि ऑपरेटर ते पाठ करून बसलेले असतात. अंधारात राहतो तो शेअरधारक.

दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. पट्टा आवळण्याआधी एक दिवस मोठ्या पट्ट्याचा लिलाव घ्या. तासातासाचे लिलाव घेण्याची यंत्रणा बाजारांकडे आहेच, ईएसएमच्या दुसऱ्या टप्प्यात ती रोज चालते. मग कंपनी पहिल्या टप्प्यात जाते त्या दिवशीच वीस-पंचवीस टक्क्यांच्या पट्ट्यात असे लिलाव का घेऊ नयेत? ट्रेड टू ट्रेड ठेवा, शंभर टक्के मार्जिन ठेवा, फिरवाफिरवी बंदच राहू दे. पण भावाला त्या एका दिवशी जिथे खरे घेणारे आहेत तिथपर्यंत पोचू द्या. मामांचे शेअर त्या दिवशी 108 ला विकले गेले असते. त्यांना वाईट वाटलं असतं, पण पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात असते. एका दिवसात बावीस टक्के गमावून सुटका होणं आणि पाच दिवसांत तेवढंच गमावून अडकून पडणं, यात पहिलं बरं, हे ज्यानं कधी खालचं सर्किट लागलेला शेअर धरून ठेवलाय त्याला सांगावं लागत नाही. यामुळे घबराट वाढेल ही भीती मला रास्त वाटते. पण रोज सकाळी डावीकडे शून्य बघण्यातही घबराटच असते, ती फक्त पाच दिवस पुरते. ऑपरेटरही त्या दिवशी विकून जाईल, हा आक्षेप येतो. जाऊ दे. तो 138 ला निघायला बसला होता, त्याला 108 ला निघावं लागेल, आणि त्याच्या सौद्यांची नोंद पॅन क्रमांकासह बाजाराकडे राहील. त्याला पकडायचं काम त्या नोंदींवरून करायचं असतं, इतरांना कोंडून ठेवून नव्हे.

मोठ्या कंपन्यांना याची झळ लागत नाही, म्हणून यावर फार बोललं जात नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अदानी एंटरप्रायझेस, अदानी पोर्ट्स आणि अंबुजा सिमेंट्स अल्पकालीन एएसएममध्ये गेले तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या. पण त्या शेअरना रोज घेणारे आणि विकणारे मुबलक होते. वाढीव मार्जिन भरावं लागलं, सौदे मात्र चालू राहिले. तोच शब्द, ‘देखरेख’, छोट्या कंपनीला लागला की वेगळा अर्थ घेऊन येतो. ज्या शेअरला एरवीही दिवसाला पन्नास-साठ घेणारे, तिथे थोडा अडसर घातला तरी ते घेणारे नाहीसे होतात.

तोवर, जो आज छोट्या कंपनीचा शेअर घेतोय त्यानं एवढं पाहावं. नावापुढे EQ आहे की BE ते बघावं. संध्याकाळी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर एएसएम, जीएसएम आणि ईएसएमच्या याद्या असतात, त्यांत नाव शोधावं. ऑर्डर टाकताना ब्रोकरचं ॲप जी इशाऱ्याची पट्टी दाखवतं ती वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नये. आणि कंपनी यादीत नसली तरी तीन महिन्यांत भाव दुप्पट झाला असेल, तर ती यादीच्या दारात उभी आहे असं समजून थोडा माल तेव्हाच विकावा, जेव्हा डावीकडच्या ओळींत आकडे असतात.

मामांची ऑर्डर सहाव्या दिवशी सकाळी लागली, 103 च्या थोडं खाली. 1,200 पैकी 340 शेअर गेले. मग पुन्हा डावी बाजू रिकामी झाली आणि उरलेले 860 त्यांनी त्या दिवशी परत विकायला लावले नाहीत.